प्रकल्प नोंदी: दोन मॉडेलांचे लॉस-आलेख आणि त्यांतलं अंतर

३ फेब्रुवारी, सोमवार

सध्या हातात दोन पीएनजी चित्रं आहेत, बाकी काहीच नाही. एकात मॉडेल अचा ट्रेनिंग लॉस आणि व्हॅलिडेशन लॉस, दुसऱ्यात मॉडेल बचा. लॉस म्हणजे मॉडेलच्या चुकीचं माप, जितका कमी तितका चांगला. दोन्ही मॉडेलं सिफार-१० वर शिकवलेली आहेत, म्हणजे दहा वर्गांतली ३२ बाय ३२ पिक्सेलची छोटी रंगीत चित्रं ओळखायची. मूळच्या ५०,००० ट्रेनिंग चित्रांपैकी ४५,००० शिकवायला घेतली होती आणि ५,००० व्हॅलिडेशनसाठी बाजूला ठेवली होती. १०,००० चित्रांच्या चाचणी संचाला अजून कुणी हात लावलेला नाही, आणि निर्णय होईपर्यंत लावायचाही नाही, हे सहकारीशी आधीच ठरलं आहे. प्रश्न एवढाच: न पाहिलेल्या चित्रांवर यातलं कुठलं मॉडेल जास्त चांगलं चालतं?

चित्रं शेजारी शेजारी लावली. अमध्ये ट्रेनिंगची रेषा खाली जाऊन जवळपास शून्याला टेकते. व्हॅलिडेशनची रेषा सुरुवातीला तिच्यासोबत उतरते, मग वळते आणि वर चढत राहते. दोन्ही रेषा मिळून कात्रीसारख्या उघडलेल्या दिसतात. बमध्ये दोन्ही रेषा अगदी लगटून उतरतात आणि शेवटपर्यंत जवळच राहतात.

सहकारी लगेच म्हणाली, "ब. अंतर बघ किती कमी आहे." मलाही तेच वाटलं. पण अच्या व्हॅलिडेशन रेषेचा तळ ०.४६ च्या आसपास आहे आणि बची रेषा ०.८ च्या खाली कधी गेलेलीच नाही. अंतर पाहिलं तर ब जिंकतं, पातळी पाहिली तर अ. एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरं निघतात, तेव्हा आकडे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मूळ लॉग मिळेपर्यंत चित्रांतूनच आकडे काढले. रीत सोपी आहे. उभ्या अक्षावरच्या दोन खुणांची पिक्सेल-ओळ पाहायची आणि त्यावरून एका एककाला किती पिक्सेल पडतात ते काढायचं. पिक्सेलच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात, त्यामुळे वजाबाकी उलटी होते, तेवढं सांभाळायचं.

अच्या चित्रात ० ची खूण ५६० व्या ओळीवर आहे आणि १.० ची १६० व्या. म्हणजे एका एककाला ४०० पिक्सेल. व्हॅलिडेशनचा तळ ३७६ व्या ओळीवर, म्हणून (५६० − ३७६) / ४०० = ०.४६, आणि तो १३ व्या एपॉकला, म्हणजे सगळ्या ट्रेनिंग चित्रांवरून झालेल्या तेराव्या फेरीला, येतो. शेवटचा बिंदू २२८ व्या ओळीवर, म्हणजे ०.८३. ट्रेनिंगची रेषा शेवटी ०.०२ वर आहे.

बच्या चित्रात उभा अक्ष ० पासून सुरूच होत नाही! सर्वांत खालची खूण ०.६ आहे, ५४० व्या ओळीवर, आणि वरची २.४, ९० व्या ओळीवर. १.८ एककांना ४५० पिक्सेल, म्हणजे एका एककाला २५०. ट्रेनिंगची रेषा शेवटी ५१२ व्या ओळीवर येते, म्हणजे ०.७१. काल डोळ्यांना ती तळाला टेकल्यासारखी दिसत होती. ती टेकली होती ०.६ ला, शून्याला नाही.

म्हणजे काल आम्ही ज्याला अंतर म्हणत होतो ते अमध्ये ३०० हून जास्त पिक्सेल भरतं आणि बमध्ये जेमतेम तीसेक, पण दोन्ही ठिकाणी पिक्सेलची किंमत वेगळी. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक चित्राचा अक्ष त्याच्या त्याच्या आकड्यांना बसेल असा आपोआप निवडला होता. एकेकट्या चित्रासाठी ते सोयीचंच आहे. दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर मात्र डोळा दोन्हींना एकच फूटपट्टी लावतो.

आडवा अक्षही वेगळा निघाला. अमध्ये एपॉक आहेत, ० ते ६०. बमध्ये स्टेप्स, ० ते २१,१२०. चित्रांची एक बॅच शिकवली की एक स्टेप होते. बॅच १२८ ची असेल तर ४५,००० चित्रांना ३५२ स्टेप्स लागतात, आणि ३५२ गुणिले ६० म्हणजे बरोबर २१,१२०. दोन्ही मॉडेलं साठच एपॉक शिकली आहेत. निदान ही एक गोष्ट सारखी आहे.

मोजताना चूक किती होत असेल तेही पाहिलं. रेषा दोन पिक्सेल जाड आहे. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर अमध्ये ०.००२५ चा फरक पडतो आणि बमध्ये ०.००४ चा. आमच्या कामाला एवढं पुरेसं आहे. चित्र जेपेग असतं तर रेषेच्या कडा फिसकटल्या असत्या आणि एवढ्या विश्वासाने लिहिता आलं नसतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बचं चित्र मोठं करून पाहिल्यावर प्रत्येक ठळक रेषेमागे त्याच रंगाची एक फिकट रेषा दिसली. हा टेन्सरबोर्ड या आलेख दाखवणाऱ्या साधनाचा स्क्रीनशॉट आहे आणि त्यात स्मूदिंग चालू होतं. कोपऱ्यात स्लायडरही आला आहे, ०.९ वर. ठळक रेषा म्हणजे मोजलेले आकडे नव्हेत. ती त्यांची चालती सरासरी असते, आणि तिच्यात जुन्या बिंदूंचं वजन हळूहळू कमी होत जातं.

याचा परिणाम काय होतो ते नीट मांडून ठेवते, कारण मी स्वतः हे इतके दिवस लक्षात घेतलं नव्हतं. ०.९ च्या स्मूदिंगने रेषा साधारण ०.९ / ०.१, म्हणजे नऊ बिंदू मागे पडते. ट्रेनिंग लॉसचे बिंदू स्टेपगणिक नोंदवलेले असतात, हजारोंनी. तिथे नऊ बिंदू मागे पडणं म्हणजे काहीच नाही. व्हॅलिडेशन मात्र एपॉकला एकदाच मोजलं जातं, एकूण साठच बिंदू. तिथे नऊ बिंदू म्हणजे नऊ एपॉक! एकच स्लायडर दोन्ही रेषांना लागतो, पण एक रेषा जागच्या जागी राहते आणि दुसरी नऊ एपॉक उशिरा चालते. लॉस उतरत असताना उशिरा चालणारी रेषा वर दिसते. म्हणजे दोन रेषांमधल्या अंतराचा काही भाग नुसता स्लायडरने तयार केलेला असतो.

ठळक रेषेवरून बचा शेवटचा व्हॅलिडेशन लॉस ०.८४ येतो. फिकट रेषा ४८५ व्या ओळीवर संपते, म्हणजे ०.८२. शेवटच्या एपॉकांत रेषा दर एपॉकला ०.००२ च्या आसपास उतरते आहे, तेव्हा नऊ एपॉक मागे पडण्याने ०.०२ चा फरक पडणं हिशोबात बसतं. इथून पुढे फक्त फिकट रेषा धरायची.

ही रेषा शेवटीही उतरतेच आहे, हेसुद्धा टिपून ठेवते. ब अजून थांबलेलं नव्हतं.

दुपारी सहकारीने विचारलं, "दोन्ही मॉडेलं सारख्याच ठिकाणाहून निघायला हवीत ना? मग ब २.३ पासून आणि अ त्याच्या बरंच खालून का सुरू होतं?" प्रश्न चांगला होता. दहा वर्ग असताना मॉडेलला काहीच येत नसेल तर ते प्रत्येक वर्गाला एक दशांश शक्यता देतं, आणि लॉस ln १०, म्हणजे २.३०३ येतो. बचा पहिला बिंदू पहिल्या स्टेपचा आहे, म्हणून तो तिथेच आहे. अचा पहिला बिंदू हा अख्ख्या पहिल्या एपॉकची सरासरी आहे, आणि तोवर मॉडेल बरंच शिकलेलं असतं. सुरुवात सारखीच आहे, फक्त ती टिपण्याची पद्धत वेगळी.

त्यातून आणखी एक गोष्ट निघते. एपॉकभराच्या सरासरीने काढलेला ट्रेनिंग लॉस हा सरासरी अर्धा एपॉक जुन्या मॉडेलचा असतो, तर व्हॅलिडेशन लॉस एपॉक संपल्यावरच्या ताज्या मॉडेलचा. ट्रेनिंगची रेषा अर्धा एपॉक डावीकडे सरकवून वाचायला हवी. सुरुवातीच्या उतारावर हा फरक ठळक असतो. कधीकधी तर व्हॅलिडेशन लॉस ट्रेनिंगपेक्षा कमी दिसतो आणि माणूस डेटामध्ये गळती शोधत बसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही मॉडेलांच्या स्क्रिप्ट सापडल्या, चेकपॉइंटही, म्हणजे शिकवताना जतन करून ठेवलेल्या मॉडेलच्या प्रती. अचे दोन आहेत: १३ व्या एपॉकचा, जेव्हा व्हॅलिडेशन लॉस सर्वांत कमी होता, आणि ६० व्याचा. बचा फक्त ६० व्याचा.

स्क्रिप्ट उघडल्या आणि चार दिवसांच्या गोंधळाचं मूळ एका ओळीत सापडलं. मॉडेलांची रचना एकच आहे, सहा कन्व्होल्यूशन थरांची. फरक शिकवण्यात आहे. अला काहीच आवर घातलेला नाही. बला ड्रॉपआउट आहे, म्हणजे शिकवताना मॉडेलचे काही भाग आलटूनपालटून बंद ठेवणं, शिवाय चित्रं उलटवणं आणि थोडी सरकवून कापणं आहे, आणि शिवाय हे:

```python
criterion = nn.CrossEntropyLoss(label_smoothing=0.1)
```

हाच criterion व्हॅलिडेशनलाही वापरला आहे.

लेबल स्मूदिंग म्हणजे उत्तर पूर्ण खात्रीचं न ठेवणं. दहा वर्ग आणि ०.१ स्मूदिंग असेल तर बरोबर वर्गाला १ ऐवजी ०.९१ आणि उरलेल्या नऊ वर्गांना प्रत्येकी ०.०१ असं लक्ष्य दिलं जातं. मॉडेलने अगदी हेच आकडे ओकले, म्हणजे याहून चांगलं करणं शक्यच नाही अशा स्थितीत ते पोचलं, तरी लॉस शून्य येत नाही:

```
-0.91*ln(0.91) - 9*0.01*ln(0.01) = 0.086 + 0.414 = 0.500
```

बच्या आलेखाची जमीन ०.५० वर आहे, अची ० वर. मंगळवारी मी वहीत "ब नीट शिकलेलं नाही, ट्रेनिंग लॉस ०.७ च्या खाली उतरत नाही" असं लिहिलं होतं. ते चूक होतं. ०.७१ म्हणजे जमिनीपासून फक्त ०.२१ वर. आणि ०.४६ विरुद्ध ०.८२ ही तुलना तर मुळात करताच येत नव्हती, कारण ते दोन आकडे दोन वेगवेगळ्या सूत्रांतून आलेले आहेत.

सुरुवातीच्या बिंदूवरून हे कळलं असतं का, हेही पडताळून पाहिलं. नसतं. सगळ्या वर्गांना सारखी शक्यता दिली की लक्ष्य कसंही असो, लॉस २.३०३ च येतो. दोन्ही रेषा वर एकाच ठिकाणाहून निघतात आणि खाली वेगवेगळ्या जमिनींकडे जातात. नुसतं चित्र पाहून संशय यायला एकच जागा होती: ट्रेनिंगची रेषा शून्यापासून एवढ्या दूर का रेंगाळते?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिन्ही चेकपॉइंट एकाच मापाने मोजले. साधी क्रॉस-एंट्रॉपी, म्हणजे लेबल स्मूदिंगशिवायचा लॉस, ड्रॉपआउट बंद, चित्रांत कुठलाही बदल नाही. आणि ट्रेनिंगच्या ४५,००० चित्रांवरही तसंच, शिकवणं थांबवून:

```python
model.eval()
total, n = 0.0, 0
with torch.no_grad():
    for x, y in loader:
        out = model(x)
        total += F.cross_entropy(out, y, reduction="sum").item()
        n += len(y)
print(total / n)
```

ट्रेनिंग संच पुन्हा मोजायचं कारण असं. बच्या चित्रातला ट्रेनिंग लॉस ड्रॉपआउट चालू असताना आणि कापलेल्या, उलटवलेल्या चित्रांवर मोजलेला आहे. मॉडेलला मुद्दाम अडथळे घालून घेतलेली ती परीक्षा होती. व्हॅलिडेशनच्या वेळी अडथळे नव्हते. त्यामुळे ट्रेनिंगची रेषा होती त्याहून वर दिसली आणि दोन रेषांमधलं अंतर होतं त्याहून कमी.

आकडे असे आले. बचा ट्रेनिंग लॉस अडथळे काढल्यावर, पण लेबल स्मूदिंग ठेवून, ०.७१ वरून ०.६० वर आला. साध्या क्रॉस-एंट्रॉपीने तो ०.१९ आहे. व्हॅलिडेशन ०.८२ होता तो साध्या मापाने ०.४३. अचा १३ व्या एपॉकचा ट्रेनिंग लॉस ०.२४ आणि व्हॅलिडेशन ०.४६.

आता अंतर पाहिलं. अच्या सर्वांत चांगल्या चेकपॉइंटला ०.२२, बला ०.२४. म्हणजे सोमवारी ज्या अंतरावर आम्ही दोघींनी एका नजरेत निकाल दिला, ते अंतर सारख्या मापाने मोजल्यावर जवळजवळ एकच निघालं, आणि जे थोडं जास्त आहे ते बचं! बची लगटलेली रेषा लेबल स्मूदिंग, ड्रॉपआउट आणि चित्रांतले बदल या तिघांनी मिळून घडवलेली होती.

अंतर हा सामान्यीकरणाचा पुरावा का नाही, हे या एका उदाहरणात मला जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं. काहीच न शिकलेल्या मॉडेलचं अंतर शून्य असतं, दोन्हीकडे २.३०३. अंतर एवढंच सांगतं की पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या चित्रांत मॉडेल किती फरक करतं. न पाहिलेल्यांवर ते किती चांगलं आहे हे व्हॅलिडेशनची पातळीच सांगते, आणि तीसुद्धा दोन्हीकडे एकच माप असेल तर.

अच्या शेवटच्या चेकपॉइंटवर एक अडचण आली. चित्रातून ०.८३ वाचलं होतं, माझ्या मोजणीत ०.८० येतं. पिक्सेलची चूक ०.००२५ ची, तेव्हा तिच्यात हे बसत नाही. बाकी सगळे आकडे जुळले, हाच नाही. सोमवारी बघते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं. अच्या स्क्रिप्टमध्ये व्हॅलिडेशन लॉस काढताना प्रत्येक बॅचची सरासरी घेतली आहे आणि मग त्या सरासऱ्यांची सरासरी. ५,००० चित्रं १२८ च्या बॅचमध्ये टाकली की ३९ बॅच पूर्ण भरतात आणि शेवटच्या, चाळिसाव्या बॅचमध्ये आठच चित्रं उरतात. त्या आठ चित्रांचं एकूण आकड्यात वजन चाळिसाव्या हिश्श्याचं, म्हणजे २.५ टक्के. असायला हवं होतं ०.१६ टक्के.

पहिल्या ३९ बॅचची सरासरी ०.८० आहे आणि शेवटच्या आठांची २.०. सरासऱ्यांची सरासरी काढली की बरोबर ०.८३ येते. आठांपैकी एका चित्राचाच लॉस तेराच्या आसपास आहे. मॉडेल त्या चित्रावर पूर्ण खात्रीने चुकतं. व्हॅलिडेशन संच न फेटता वाचला जातो, त्यामुळे दर एपॉकला हीच आठ चित्रं शेवटी येतात, आणि अच्या रेषेवरचे बरेच काटेरी चढउतार या आठांचे असावेत. बमध्येही हीच चूक आहे, पण तिथे मॉडेल कशाबद्दलच एवढं ठाम नसल्याने आकडा हलला नाही. दुरुस्ती वरच्या कोडमध्ये आहेच: बेरीज आधी, भागाकार शेवटी एकदाच.

"पूर्ण खात्रीने चुकतं" हे लिहिता लिहिता अच्या चढत्या रेषेकडे पुन्हा वळले. १३ व्या एपॉकनंतर व्हॅलिडेशन लॉस ०.४६ वरून ०.८० वर गेला. कुणीही म्हणेल, मॉडेल बिघडलं. मग अचूकता पाहिली: १३ व्या एपॉकला ८५.१ टक्के, ६० व्याला ८६.३. लॉस पावणेदोन पट झाला आणि तरी मॉडेल आधीपेक्षा जास्त चित्रं ओळखतं आहे.

दोन्ही खरं असू शकतं. अचूकतेला फक्त पहिला आलेला वर्ग दिसतो. लॉसला त्या वर्गाला किती शक्यता दिली तेही दिसतं. ट्रेनिंग संच संपूर्ण पाठ झाल्यावर लॉस आणखी कमी करायला एकच वाट उरते, ती म्हणजे प्रत्येक उत्तर अधिक ठामपणे देणं. हा ठामपणा न पाहिलेल्या चित्रांवरही येतो, आणि तिथे जी उत्तरं चुकीची आहेत ती फार महाग पडतात.

हे तपासायला मॉडेलच्या शेवटच्या आकड्यांना, सॉफ्टमॅक्सने त्यांच्या शक्यता होण्याआधीच, एका संख्येने भागून पाहिलं. ती संख्या व्हॅलिडेशनच्या अर्ध्या चित्रांवर शोधली आणि उरलेल्या अर्ध्यांवर लॉस मोजला. २.१ ने भागल्यावर अच्या शेवटच्या चेकपॉइंटचा लॉस ०.८० वरून ०.४५ वर आला. भागाकाराने वर्गांचा क्रम बदलत नाही, म्हणून अचूकता तीच. कात्रीचं वरचं पातं जवळजवळ सगळं फाजील आत्मविश्वासाचं होतं. बलाही तेच केलं. तिथे संख्या एकाहून लहान, ०.८ निघाली, कारण लेबल स्मूदिंगने ते उलट जरा जास्तच सावध झालं होतं. लॉस ०.४३ वरून ०.३९ वर.

एक मान्य करायला हवं. शक्यतांचे आकडे जसेच्या तसे वापरायचे असतील, म्हणजे "किती खात्री आहे" यावर पुढचं काही ठरणार असेल, तर अचा तो चढ हा खराच दोष आहे, आणि न दुरुस्त केलेला ६० वा चेकपॉइंट वापरू नये. आमच्या कामात फक्त वर्ग लागतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अचूकता: अ ८६.३ टक्के (४,३१५ चित्रं बरोबर), ब ८८.४ टक्के (४,४२१). फरक १०६ चित्रांचा. हा फरक खरा की योगायोगाचा?

५,००० चित्रांवरची ८६ टक्के अचूकता योगायोगाने साधारण अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे होऊ शकते. पण दोन्ही मॉडेलं त्याच चित्रांवर तपासली आहेत, तेव्हा चित्रागणिक तुलना जास्त धारदार होते. ज्यांवर दोन्ही बरोबर किंवा दोन्ही चूक, ती चित्रं बाजूला ठेवली. उरली ५३०. त्यातली २१२ फक्त अने ओळखली, ३१८ फक्त बने. दोन्ही मॉडेलं तुल्यबळ असती तर ही विभागणी २६५ च्या आसपास पडली असती, आणि साधारण साडेअकराने मागेपुढे. ३१८ हे त्याहून ५३ ने जास्त आहे, म्हणजे त्या साडेअकराच्या साडेचार पटींहून अधिक. योगायोगाने एवढं होत नाही.

यातून या दोन चेकपॉइंटांबद्दल कळलं. शिकवण्याच्या पद्धतीबद्दल अजून नाही. सीड, म्हणजे शिकवण्यातला योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा, बदलून दोन्ही आणखी दोन-दोनदा शिकवायला लावली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन सीडांच्या अचूकता: अ ८६.३, ८६.०, ८६.६. ब ८८.४, ८८.१, ८८.६. बचा सर्वांत वाईट सीडही अच्या सर्वांत चांगल्याच्या पुढे आहे. तीन सीड फार नाहीत, पण दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत.

निर्णय लिहून ठेवला, ब, आणि मगच चाचणी संच उघडला, एकदाच, पहिल्या सीडच्या चेकपॉइंटांवर. अ ८५.९, ब ८८.०. दोन्ही व्हॅलिडेशनपेक्षा ०.४ ने खाली. १०,००० चित्रांवर एवढं हलणं योगायोगातही बसतं.

सहकारीने एक शंका काढली, आणि ती नोंदवण्यासारखी आहे. सिफार-१० च्या चाचणी संचातल्या सुमारे ३.३ टक्के चित्रांची जवळजवळ तशीच प्रत ट्रेनिंग संचात आहे. मग हा संच "न पाहिलेला" कसा? शंका बरोबर आहे, आणि त्यामुळे दोन्ही आकडे खऱ्यापेक्षा थोडे वर असतील. पण अशा जुळ्या चित्रांचा फायदा पाठांतर करणाऱ्याला जास्त होतो, म्हणजे अला. जुळी काढून टाकली तर बची आघाडी त्यामुळे नाहीशी होईल असं वाटत नाही. वेगळ्या कॅमेऱ्याने, वेगळ्या उजेडात काढलेल्या चित्रांवर काय होईल, याबद्दल मात्र या सगळ्या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही.

सोमवारी सहकारीने दिलेलं उत्तर बरोबर निघालं. तिला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "पण कारण चुकीचं होतं. उद्या याच कारणाने दुसऱ्या दोन चित्रांत आपण चुकीचं मॉडेल उचललं असतं."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवालातली दोन्ही जुनी चित्रं काढली. त्यांच्या जागी एकच नवं घातलं: दोन्ही मॉडेलं एकाच अक्षांवर, उभा अक्ष शून्यापासून, साधी क्रॉस-एंट्रॉपी, ड्रॉपआउट बंद ठेवून प्रत्येक एपॉकच्या शेवटी मोजलेली, स्मूदिंग नाही. दोन मॉडेलांना दोन रंग, ट्रेनिंग तुटक रेषेत, व्हॅलिडेशन सलग. ट्रेनिंग लॉस दर एपॉकला सगळ्या ४५,००० चित्रांवर मोजत बसलो नाही. त्यातली ५,००० ठरावीक चित्रं निवडून ठेवली आणि त्यांच्यावरच मोजलं, वेळ वाचतो आणि रेषा पुरेशी स्थिर येते. चित्राखाली काय मोजलं आणि कोणत्या अवस्थेत, हे दोन वाक्यांत लिहिलं. आकड्यांची सीएसव्ही फाइल चित्राच्या शेजारीच ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला पिक्सेल मोजावे लागणार नाहीत.

नव्या चित्रात बच्या दोन रेषा लगटलेल्या नाहीत. पंचविसाव्या एपॉकनंतर त्या स्पष्टपणे फाकतात, आणि व्हॅलिडेशनची रेषा तरीही हळूहळू उतरतच राहते. साठाव्या एपॉकलाही ती सपाट झालेली नाही. १२० एपॉकांची फेरी संध्याकाळी लावली आहे.